सोमवारी घेतलेला शेअर आणि त्यामागचे चाळीस रुपये

नवी मुंबईत महापेच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनची इमारत आहे. मोठ्या वित्तीय संस्थांच्या मालकीचे शेअर सांभाळण्यासाठी ही कंपनी १९८६ मध्ये स्थापन झाली. शेअर तेव्हा कागदावर होते, त्यामुळे ते मोजणे, जपणे, हस्तांतरासाठी पाठवणे आणि परत आल्यावर तपासणे हाच एक मोठा व्यवसाय होता. वाशीच्या सेक्टर १७ मध्ये एनआयएसएम या सेबीने स्थापन केलेल्या संस्थेचे कार्यालय आहे. ब्रोकरकडे आणि डिपॉझिटरीच्या कामात असणाऱ्यांच्या पात्रता परीक्षा ही संस्था घेते. नेरुळ किंवा खारघरहून रोज लोकलने मुंबईला जाणारा आणि फोनवर शेअर घेणारा गुंतवणूकदार ज्या व्यवस्थेवर विसंबून असतो, तिच्या दोन पिढ्या अशा त्याच्या जवळच आहेत.

या व्यवस्थेविषयी तीन प्रश्न सतत चर्चेत असतात. शेअर खरोखर कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ताब्यात असतो? खरेदी केल्यापासून तो खात्यात येईपर्यंत काय घडते, आणि ते आणखी लवकर घडावे का? आणि प्रत्येक व्यवहारातून गाजावाजा न होता कोणकोणते पैसे कापले जातात? तिन्हींची उत्तरे गेल्या तीस वर्षांत बदलत आली आहेत आणि काही अजूनही बदलत आहेत.

कागदापासून खात्यापर्यंत

नव्वदच्या दशकापर्यंत शेअर विकणारा माणूस प्रमाणपत्रासोबत सही केलेला हस्तांतरण अर्ज देत असे. घेणारा त्यावर मुद्रांक चिकटवून तो कंपनीच्या निबंधकाकडे पाठवी. सही जुळली नाही, अर्जाची मुदत टळली किंवा मुद्रांक कमी पडला, की कागद परत येई. बाजाराच्या भाषेत याला ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. पैसे देऊन बसलेल्याला शेअर मिळायला महिने लागत. टपालात गहाळ झालेली प्रमाणपत्रे, बनावट प्रमाणपत्रे आणि एकाच शेअरच्या दुबार प्रती हे प्रश्न वेगळेच होते. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने कागदी व्यवस्थेतील भेगा सगळ्यांना दिसल्या आणि १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा आला. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मुंबईत एनएसडीएल सुरू झाली आणि १९९९ मध्ये सीडीएसएल आली. सुरुवातीला मोजक्या कंपन्यांच्या शेअरसाठी आणि आधी फक्त संस्थांना असलेली डिमॅटची सक्ती १९९९ पासून टप्प्याटप्प्याने सामान्य गुंतवणूकदारांवरही आली. १ एप्रिल २०१९ पासून तर सूचिबद्ध कंपनीचा शेअर कागदावर दुसऱ्याच्या नावे करण्याची वाट जवळपास बंदच झाली. वारसाहक्कासारखे अपवाद तेवढे राहिले.

कायद्याच्या दृष्टीने डिमॅट खात्यात दोन मालक असतात. कंपनीच्या नोंदवहीत डिपॉझिटरी हीच नोंदणीकृत मालक असते. लाभांश, बोनस आणि मतदानाचा हक्क मात्र खातेदाराचा, म्हणजे लाभार्थी मालकाचा. आपण डिपॉझिटरीकडे थेट खाते उघडू शकत नाही. बँक किंवा ब्रोकर तिचा प्रतिनिधी म्हणून खाते उघडतो आणि या प्रतिनिधीला सगळे डीपी म्हणतात. खाते कोणत्या डिपॉझिटरीत आहे हे क्रमांकावरून लगेच कळते. एनएसडीएलचा क्रमांक ‘IN’ या अक्षरांनी सुरू होतो, तर सीडीएसएलचा क्रमांक सोळाच्या सोळा आकड्यांचा असतो.

ट्रेडिंग खाते, डिमॅट खाते आणि बँक खाते ही तीन वेगळी खाती आहेत, पण ॲपवर ती एकाच पडद्यावर दिसतात. त्यामुळे अनेकांना आपले शेअर ‘ॲपमध्ये’ आहेत असे वाटते. खरे तर ॲप फक्त सौदा करते. शेअर डिपॉझिटरीच्या संगणकातील नोंदीत असतात आणि उद्या ब्रोकर बंद पडला तरी ती नोंद तिथेच राहते. म्हणूनच ॲपवरचा आकडा आणि डिपॉझिटरीचे स्वतःचे विवरण यांत फरक पडला, तर डिपॉझिटरीचे विवरण खरे धरावे. एनएसडीएल आणि सीडीएसएल दर महिन्याच्या व्यवहारांचे एकत्रित विवरण ईमेलने पाठवतात, पण बहुतेक जण ते उघडतही नाहीत.

सोमवारची खरेदी मंगळवारी कशी पोहोचते

एक सरळ उदाहरण घेऊ. नेरुळच्या एका गुंतवणूकदाराने सोमवारी सकाळी एनएसईवर एका कंपनीचे ४० शेअर प्रत्येकी २५० रुपयांना, म्हणजे एकूण १०,००० रुपयांना घेतले. सौदा जुळताच पडद्यावर खरेदी दिसते, पण त्या क्षणी शेअर कोणाच्याच खात्यातून हललेले नसतात. तेव्हा निर्माण झालेली असतात ती दोन बाजूंची देणी.

इथे क्लिअरिंग कॉर्पोरेशन मध्ये येते. एनएसईची एनएसई क्लिअरिंग आहे आणि बीएसईची इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन. सौदा होताच ही संस्था प्रत्येक विक्रेत्यासाठी खरेदीदार आणि प्रत्येक खरेदीदारासाठी विक्रेता बनते. नेरुळच्या खरेदीदाराचे विक्रेत्याशी कायदेशीर नाते उरत नाही आणि विक्रेता नागपूरचा आहे की सुरतेचा, याच्याशी त्याला काही देणेघेणे राहत नाही. बाजार बंद झाल्यावर त्या दिवसाचे सगळे सौदे एकमेकांत वजा केले जातात आणि कोणी किती पैसे, किती शेअर द्यायचे याचा निव्वळ हिशेब ठरतो. मंगळवारी सकाळी देणारे पैसे आणि शेअर जमा करतात, त्याला पे-इन म्हणतात. मग घेणाऱ्यांना वाटप होते, तो पे-आउट. दुपारी साडेतीनपर्यंत शेअर खात्यात यावेत, अशी सध्याची वेळ आहे. सौद्याचा दिवस ‘टी’ धरला, तर ही ‘टी+१’ पद्धत झाली.

इतक्या वेगापर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. आधी ठरावीक कालावधीतले सगळे सौदे एकदम मिटवले जात आणि बदल्याच्या व्यवहारांनी ते पुढेही ढकलले जात. जुलै २००१ मध्ये प्रमुख शेअरसाठी टी+५ ची फिरती पद्धत आली, एप्रिल २००२ पासून टी+३ आणि एप्रिल २००३ पासून टी+२. त्यानंतर मोठा खंड पडला. फेब्रुवारी २०२२ पासून, सर्वांत लहान कंपन्यांपासून सुरुवात करत, टी+१ टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर तिच्याखाली आले. अमेरिकेने हाच बदल २८ मे २०२४ रोजी केला.

मंगळवारी शेअर खात्यात दिसला नाही, तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. आधी सुट्टी पाहावी. बाजार उघडा पण मुंबईतील बँका बंद असा दिवस असेल, तर त्या दिवशी सौदे होतात पण मिटत नाहीत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती हे याचे ठळक उदाहरण आहे. २०२५ मध्ये हा दिवस बुधवारी आला. बाजार चालू होता, पण महाराष्ट्रात बँकांना सुट्टी होती. त्यामुळे मंगळवार आणि बुधवार या दोन्ही दिवसांच्या खरेदीचे शेअर गुरुवारी जमा झाले, आणि तेही देशभरातील सगळ्यांचे, चेन्नईत बसून घेतलेल्याचेसुद्धा. लाभांशासाठी शेअर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. टी+१ मुळे आता ‘एक्स-डेट’ आणि नोंदीची तारीख बहुधा एकाच दिवशी येतात. नोंदीच्या तारखेच्या दिवशी घेतलेल्या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो किमान आदल्या कामकाजाच्या दिवशी घ्यावा लागतो.

सुट्टी नसताना शेअर आला नाही, तर बहुधा विक्रेत्याकडूनच तो आला नसतो. दिवसभरात परत घेऊ या हिशेबाने एखाद्याने आपल्याजवळ नसलेले शेअर विकले आणि शेअर वरच्या सर्किटला अडकला, तर त्याला परत घ्यायला विक्रेताच मिळत नाही. अशा वेळी क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलावात ते शेअर विकत घेऊन खरेदीदाराला देते. लिलावातही मिळाले नाहीत तर खरेदीदाराला पैसे मिळतात. सौद्याच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वांत जास्त भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यांत जे जास्त असेल त्या भावाने ते दिले जातात. मूळ विक्रेत्याला हा खर्च जबर पडतो.

याच वाटेवर एक खड्डा साध्या गुंतवणूकदारासाठीही आहे. सोमवारी घेतलेले शेअर मंगळवारी, ते खात्यात जमा होण्याआधीच विकण्याची सोय बहुतेक ब्रोकर देतात. सोमवारच्या सौद्यात ज्याच्याकडून शेअर येणार होते तोच चुकला, तर मंगळवारच्या सौद्यात आपण आपोआप चुकणारे विक्रेते ठरतो आणि लिलावाचा भार आपल्यावर येतो. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये ही सोय न वापरणेच बरे.

चाळीस रुपये कुठे जातात

आता खर्चाकडे वळू. आपल्या उदाहरणातील ब्रोकर डिलिव्हरीवर दलाली घेत नाही, असे धरू. या गुंतवणूकदाराने ४० शेअर पुढे त्याच २५० रुपयांना विकले, म्हणजे भाव एक पैसाही हलला नाही. तरीही त्याला सुमारे ४० रुपयांचा तोटा होतो. हे चाळीस रुपये कसे होतात ते पाहू.

खरेदीच्या दिवशी १०,००० रुपयांवर रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, ०.१ टक्का दराने १० रुपये कापला जातो. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे दीड रुपया. एनएसईचे व्यवहार शुल्क लाखामागे २ रुपये ९७ पैसे, म्हणून इथे सुमारे ३० पैसे. सेबीचे शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे इथे एक पैसा. व्यवहार शुल्क आणि सेबी शुल्क यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेपाच पैसे. एकूण ११ रुपये ८६ पैसे. दलाली असती, तर तिच्यावरही हाच जीएसटी लागला असता.

विक्रीच्या दिवशी एसटीटी पुन्हा १० रुपये. व्यवहार शुल्क, सेबी आणि जीएसटी मिळून ३६ पैसे. मुद्रांक विक्रीवर नाही, तो फक्त खरेदीदार भरतो. पण विक्रीला एक नवी रक्कम जोडली जाते, ती म्हणजे डीपी शुल्क. शेअर खात्यातून बाहेर गेले की ही रक्कम वजा होते. ब्रोकरागणिक ती वेगवेगळी असते. इथे ती १५ रुपये धरली, तर जीएसटीसह १७ रुपये ७० पैसे होतात. विक्रीच्या बाजूचा खर्च झाला २८ रुपये ६ पैसे. दोन्ही बाजू मिळून ३९ रुपये ९२ पैसे. ४० शेअरवर वाटले तर शेअरमागे जवळजवळ एक रुपया. म्हणजे २५१ रुपयांना विकले तेव्हा कुठे मुद्दल सुटले.

या चाळिसातले वीस एसटीटीचे आणि जवळजवळ अठरा डीपी शुल्काचे आहेत. बाकी सगळे मिळून सव्वादोन रुपयांच्या आत राहते. एनएसई स्वस्त की बीएसई, सेबीचे शुल्क किती, यावर डिलिव्हरीच्या गुंतवणूकदाराने डोके शिणवण्याचे कारण नाही. त्याचा खर्च दोनच ओळींत आहे आणि त्या दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. एसटीटी रकमेच्या प्रमाणात वाढतो. डीपी शुल्क त्या कंपनीचा एक शेअर विका की एक हजार, तेवढेच असते आणि दर दिवशी, दर कंपनीमागे लागते.

म्हणूनच व्यवहाराचा आकार बदलला की चित्र पालटते. हाच सौदा १ लाखाचा असता, तर दोन्ही बाजूंचा खर्च सुमारे २४० रुपये, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी झाला असता. १,००० रुपयांचा असता, तर तो सुमारे २० रुपये, म्हणजे दोन टक्के. ४० शेअर एकाच दिवशी न विकता रोज दहा असे चार दिवस विकले, तर १७ रुपये ७० पैशांऐवजी ७० रुपये ८० पैसे डीपी शुल्कात जातात. दर महिन्याला पाचशे-हजार रुपयांचे शेअर घेऊन, गरज पडेल तसे थोडे थोडे विकणाऱ्याला हे शुल्क सगळ्यांत जास्त झोंबते.

आणखी एक अडचण म्हणजे हे शुल्क बहुधा कॉन्ट्रॅक्ट नोटवर दिसत नाही. सौद्यानंतर चोवीस तासांत ईमेलवर येणाऱ्या त्या नोटेत दलाली, एसटीटी, मुद्रांक, व्यवहार शुल्क आणि जीएसटी वेगवेगळ्या ओळींत असतात. डीपी शुल्क ब्रोकरच्या खातेवहीत, म्हणजे लेजरमध्ये, वेगळे टाकले जाते. म्हणून फक्त नोटा जमवून नफ्याचा हिशेब करणाऱ्याचा मेळ बसत नाही. वर्षाचा खरा खर्च पाहायचा, तर लेजर उतरवून घ्यावे आणि त्यात डीपी शुल्काच्या नोंदी शोधाव्यात. खात्याचे वार्षिक देखभाल शुल्कही तिथेच सापडते.

या देखभाल शुल्काबाबत मात्र लहान गुंतवणूकदाराला खरी सवलत मिळाली आहे. ज्याचे सगळ्या डिपॉझिटरी मिळून पहिल्या धारकाच्या नावे एकच डिमॅट खाते आहे, त्याला ‘बेसिक’ खाते मिळू शकते. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यातील शेअरचे मूल्य ४ लाखांपर्यंत असेल तर वार्षिक शुल्क शून्य, आणि ४ ते १० लाखांदरम्यान १०० रुपये. वेगवेगळ्या ॲपच्या जाहिराती पाहून तीन-चार खाती उघडणाऱ्याच्या हातून ही सवलत जाते.

वादाचे मुद्दे

एसटीटी १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. त्याच वेळी, एसटीटी भरलेल्या शेअरवरील दीर्घ मुदतीचा भांडवली नफा करमुक्त झाला आणि अल्प मुदतीच्या नफ्यावरचा कर घटला. हा सौदा सरळ होता. नफ्याच्या हिशेबात चुकवाचुकवी होते, तर व्यवहारावरच थोडा कर घ्या आणि नफ्याचा प्रश्न मिटवा. पण २०१८ च्या अर्थसंकल्पाने दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १० टक्के कर परत आणला, जुलै २०२४ मध्ये तो १२.५ टक्के झाला आणि एसटीटी आहे तिथेच राहिला. शिवाय एसटीटी भांडवली नफ्याच्या हिशेबात खर्च म्हणून वजा मिळत नाही. टीकाकारांचा मुद्दा असा की ज्या कारणासाठी हा कर आला ते कारण आता उरलेले नाही, आणि तोट्यात विकणाऱ्यालाही तो भरावा लागतो. समर्थकांचे म्हणणे असे की हा कर चुकवणे अशक्य आहे, तो गोळा करण्याचा खर्च नगण्य आहे आणि त्यातून प्रत्येक व्यवहाराची नोंद कर खात्याकडे आपोआप पोहोचते. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी खरे आहेत. मला मात्र निदान वजावट न मिळण्याचा नियम बदलायला हवा असे वाटते, कारण तो खर्च झालेला असतो यात कोणालाच शंका नाही.

मुद्रांक शुल्काचा वाद तुलनेने मिटल्यासारखा आहे. १ जुलै २०२० पर्यंत हे शुल्क प्रत्येक राज्याच्या दराने लागे आणि ब्रोकरांना राज्यागणिक हिशेब ठेवावे लागत. आता दर देशभर एकच आहे. रक्कम बाजाराच्या यंत्रणेतच गोळा होते आणि खरेदीदार राहतो त्या राज्याला मिळते. नेरुळच्या खरेदीदाराचा दीड रुपया म्हणूनच महाराष्ट्राच्या तिजोरीत जातो.

डीपी शुल्काबाबत प्रश्न असा, की डिपॉझिटरी स्वतः किती घेते आणि ब्रोकर किती घेतो? ऑक्टोबर २०२४ पासून डिपॉझिटरींचे स्वतःचे शुल्क दर विक्रीमागे साडेतीन ते चार रुपये आहे. त्यावरची रक्कम डीपीची. डीपींचे म्हणणे असे की यंत्रणा, कर्मचारी, तपासणी आणि फसवणुकीची जोखीम यांचा खर्च कुठून तरी भरून काढावाच लागतो, विशेषतः दलाली शून्य असताना. ग्राहकांच्या बाजूने विचारणारे म्हणतात, मग ‘शून्य दलाली’ असे म्हणायचे कशाला? हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने १ ऑक्टोबर २०२४ ला पुढे आला. तोवर शेअर बाजार मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरांना व्यवहार शुल्कात सूट देत, पण ब्रोकर ग्राहकाकडून वरच्या दराने शुल्क घेत आणि फरक स्वतःकडे ठेवत. सेबीने सगळ्यांना एकच दर आणि ग्राहकाकडून घेतले तेवढेच बाजाराला, असा नियम केला. गुंतवणूकदाराचे काही पैसे वाचले. पण हे उत्पन्न गेल्यावर काही सवलतीच्या ब्रोकरांनी डिलिव्हरीवरही दलाली सुरू केली. खर्च घटला की फक्त एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकला, हे प्रत्येक ग्राहकाच्या व्यवहारांच्या संख्येवर आणि आकारावर अवलंबून आहे.

शेअरच्या ताब्याचा प्रश्न यांहून गंभीर आहे. पूर्वी खाते उघडताना ब्रोकर मुखत्यारपत्र घेत आणि त्याच्या आधारे विकलेले शेअर उचलत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध आदेश काढला, कारण ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवल्याचे उघड झाले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला एनएसडीएलने ८० हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत केले. त्यानंतर नियम एकेक करून घट्ट होत गेले. सप्टेंबर २०२० पासून तारण शेअर ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि फक्त त्यांवर तारणाची खूण पडते. नोव्हेंबर २०२२ पासून नव्या खात्यांत मुखत्यारपत्राऐवजी मर्यादित अधिकारांचे डीडीपीआय आले. ते न दिल्यास प्रत्येक विक्रीला पिन आणि ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. त्याच महिन्यापासून विक्रीचे शेअर विक्रेत्याच्या खात्यातच अडवून ठेवले जाऊ लागले. २०२५ च्या फेब्रुवारीपासून खरेदीचे शेअर ब्रोकरच्या खात्यात न थांबता क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये येतात. शेअरपुरता ब्रोकर मधून जवळजवळ बाजूला झाला आहे.

पैशांचे तसे झालेले नाही. खरेदीसाठी आधी ब्रोकरकडे भरलेली रक्कम सौदा होईपर्यंत आपल्या बँक खात्याबाहेरच असते. न वापरलेली रक्कम महिन्याने किंवा तिमाहीने परत करण्याचा नियम आहे, पण तोवर ती आपल्या ताब्यात नसते. यावर उपाय म्हणून पैसे आपल्याच बँक खात्यात यूपीआयने अडवून ठेवायचे आणि सौदा मिटला तरच ते जायचे, अशी सोय आली. मोठ्या ब्रोकरांना फेब्रुवारी २०२५ पासून ही किंवा बँक, ट्रेडिंग आणि डिमॅट जोडलेले तिहेरी खाते, यांपैकी एक पर्याय देणे बंधनकारक आहे. ब्रोकरच्या दृष्टीने यात ग्राहकांच्या पडून असलेल्या पैशांवरचे उत्पन्न जाते. ग्राहकाच्या दृष्टीने अडवलेल्या रकमेवर बँकेचे व्याज चालू राहते. या सोयीची खुद्द ग्राहकांनीच अजून फारशी मागणी केलेली नाही आणि मला ते खटकते.

राहिला वेगाचा प्रश्न. २८ मार्च २०२४ रोजी २५ शेअरसाठी त्याच दिवशी सौदा मिटवण्याची, म्हणजे टी+० ची, ऐच्छिक सुरुवात झाली आणि जानेवारी २०२५ अखेरपासून ती सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे ठरले. बाजूने बोलणारे म्हणतात की शेअर विकून दुपारी पैसे हातात येणे हे लहान गुंतवणूकदाराच्या फायद्याचे आहे आणि सौदा उघडा राहण्याचा काळ जितका कमी, तितकी जोखीम कमी. विरोधात मुख्यतः परदेशी संस्था आहेत. त्यांना आदल्या दिवशीच रुपये तयार ठेवावे लागतात, शिवाय वेळेच्या फरकामुळे खातरजमा करणे अवघड होते. टी+१ च्या वेळीही त्यांचा आक्षेप हाच होता आणि अखेर तो ओलांडला गेला. या वेळी मात्र आणखी एक अडचण आहे. एकाच शेअरसाठी टी+० आणि टी+१ असे दोन बाजार समांतर चालतात आणि उलाढाल दोन्हींत विभागली जाते. टी+० मध्ये सौदे थोडे, म्हणून भावातील अंतर जास्त. अंतर जास्त, म्हणून सौदे थोडे. मोठ्या ब्रोकरांना ही सोय देण्यासाठी घातलेली मे २०२५ ची मुदत पुढे ढकलावी लागली. टी+० ऐच्छिकच ठेवायची, सर्वांसाठी सक्तीची करायची, की सोडून द्यायची, याचा निर्णय अजून झालेला नाही.